मिक्सरमधून जळका वास येतोय? मोटर जळाली म्हणण्याआधी भांड्याचं बूड बघा

सध्या घरोघरी वर्षाच्या मसाल्याची कामं चालू आहेत. मिरची वाळली, धने भाजले, खोबरं किसलं, आणि मिक्सर दिवसभर घोंगावतोय. याच दिवसांत तालुक्याच्या गावी मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जा, फळीवर मिक्सरची रांग लागलेली दिसेल. प्रत्येकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर जवळपास एकच तक्रार असते, "वास येतो, बंद पडतो." आणणारा माणूस मनाशी धरूनच आलेला असतो की मोटर गेली, आता हजार-पंधराशेला फोडणी. पण बऱ्याच वेळा मोटर धडधाकट असते. खोट असते भांड्याच्या बुडाशी, नाहीतर भांड्यात भरलेल्या मालात. वास आल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत आपण काय करतो, यावर मोटर वाचणार की खरोखर जळणार हे ठरतं.

आपल्याकडं विहिरीवर मोटर असते म्हणून त्याच उदाहरणाने सांगतो. विहिरीवरची मोटर मिनिटाला साधारण २८००-२९०० फेरे फिरते आणि लाईट असेल तोवर तास न् तास चालते. मिक्सरची मोटर मुठीएवढी. ती मोकळी फिरली तर मिनिटाला १८-२० हजार फेऱ्यांपर्यंत जाते. एवढ्याशा जागेत बारीक तारेचं वाइंडिंग, त्यावर वॉर्निशचा पातळ थर, आणि गार ठेवायला त्याच दांड्याला खाली बसवलेला एक छोटा पंखा. एवढाच संसार. ही मोटर सलग चालवायला बनवलेलीच नाही. मिक्सर उलटा करून बुडाची पट्टी वाचा. तिथं वॅट लिहिलेले असतात, ५००, ७५० किंवा १०००, आणि बहुतेक ठिकाणी ३० मिनिटं असंही लिहिलेलं असतं. ते वाचून लोकांना वाटतं अर्धा तास सलग चालवायला हरकत नाही. तसं नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत त्याची फोड दिलेली असते, पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असे सहा वेळा. म्हणजे अर्धा तास तोही तुकड्यातुकड्याने, आणि त्यानंतर मोटर पूर्ण गार होईपर्यंत सुट्टी.

बंद पडतो तो कशामुळं?

विहिरीवर स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. पंप्यात गाळ अडकला, मोटर जड फिरायला लागली, की अँपिअर मीटरचा काटा वर चढतो आणि रिले ट्रिप होतो. मिक्सरलाही नेमकं तसंच दिलेलं आहे. बुडाशी किंवा मागच्या बाजूला एक लहान लाल किंवा काळं बटण असतं, तो त्याचा ओव्हरलोड. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. करंट जास्त वाहिला की ती तापते, वाकते आणि लाईन तोडते. बटण टपकन बाहेर येतं, मिक्सर एकदम गप्प. घरातला पंखा चालू, बल्ब चालू, फक्त मिक्सर मेला, तर समजायचं ओव्हरलोड पडला आहे.

करंट जास्त का वाहतो तेही समजून घ्या, कारण सगळी मेख तिथं आहे. मोटर जोरात फिरत असते तेव्हा तिचं फिरणंच आत येणाऱ्या करंटला मागं रेटत असतं. ७५० वॅटचा मिक्सर नेहमीच्या कामाला साधारण सव्वातीन अँपिअर घेतो. पण पातं मालात रुतलं आणि मोटर मंदावली की रेटणारं कुणी उरत नाही. मोटर अडकून उभी राहिली तर करंट कितीतरी पटीने वाढतो, आणि पंखाही त्याच दांड्यावर असल्याने तोही उभा राहतो. म्हणजे ताप जास्त आणि वारा बंद. वाइंडिंगवरचं वॉर्निश करपायला अशा वेळी फार अवकाश लागत नाही.

लाईटचं प्रेशर कमी असलं की काय होतं, हे आपल्याकडं संध्याकाळी रोज बघायला मिळतं. विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजला अँपिअर जास्त ओढते. मिक्सरचं थोडं वेगळं आहे. तो मंद फिरतो, माल बारीक व्हायला वेळ लागतो, म्हणून आपण जास्त वेळ चालवतो, आणि पंखा मंद असल्यामुळं गरमी आतच साठते. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर १७०-१८० चा आकडा दिसत असेल तर त्या वेळी वर्षाचा मसाला काढायला बसू नका. सकाळी लाईट भक्कम असते तेव्हा करा.

बटण बाहेर आलं तर आधी गोल नॉब शून्यावर आणा आणि बोर्डातून पिन काढा. ही पायरी पुष्कळजण गाळतात. नॉब तीनवर तसाच ठेवून बटण दाबलं, तर मिक्सर हातातच एकदम सुरू होतो. भांडं अर्धवट बसलेलं असेल किंवा कुणी आत चमचा घातला असेल, तर बोटांवर बेतेल. पिन काढल्यावर भांडं उतरवा, निम्मा माल बाहेर काढा आणि किमान पाच मिनिटं थांबा. बाहेरची बॉडी हाताला गरम लागत असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण बॉडी गरम लागते तेव्हा आतलं वाइंडिंग त्याहून कितीतरी तापलेलं असतं. मग बटण दाबा. दाबून ते आत राहत नसेल तर पट्टी अजून गार झालेली नाही, जबरदस्ती करू नका.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सारखं बटण पडतं म्हणून काही ठिकाणी ओव्हरलोड काढून वायर डायरेक्ट जोडून देतात. गिऱ्हाईक खूश होतं, मिक्सर पुन्हा बंद पडत नाही. पण आता मोटर अडकली तर तोडणारं कुणी नाही. ती धूर निघेपर्यंत ओढत राहणार. विहिरीच्या स्टार्टरमध्ये रिलेला काडी लावून मोटर चालवणारे आणि नंतर वाइंडिंगला हजारो रुपये मोजणारे आपण बघितले आहेत. हे तेच. ओव्हरलोड बिघडला असेल तर नवीन बसवा, फार महाग वस्तू नाही. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा, "डायरेक्ट करू नका."

उलट बाजूही आहे. ओव्हरलोड आहे म्हणून बिनधास्त राहू नका. त्याला करंट कळतो, वास कळत नाही. मिक्सर जमिनीवर गोणपाटावर किंवा कपड्यावर ठेवला, की बुडाची वाऱ्याची भोकं झाकली जातात. करंट वाढत नाही, पण गरमी बाहेर पडत नाही. अशा वेळी बटण पडण्याआधीच वास येतो. आपल्याकडच्या घरांत खाली बसून वाटायची सवय असते. बसा, पण मिक्सरखाली पाट किंवा सपाट फरशी असू द्या. त्याचे रबरी पाय उघडे राहिले पाहिजेत.

वास कोणता, ते ओळखा

नवीन मिक्सर पहिल्या काही वेळा चालवताना थोडा वास येतो. वॉर्निश पहिल्यांदा तापतं त्याचा तो वास, काही दिवसांत जातो. त्याला घाबरायचं कारण नाही. जुन्या मिक्सरला मात्र दोन तऱ्हेचे वास येतात. एक रबर जळाल्यासारखा, सायकलचं टायर चुलीत टाकल्यावर येतो तसा. हा बहुतेक वेळा कपलरचा. दुसरा उग्र, नाकात झोंबणारा, जळक्या रंगासारखा, तो वाइंडिंगच्या वॉर्निशचा. पहिला वास आला तर दुरुस्ती स्वस्तात होते. दुसरा आला तर त्या क्षणी बंद करायचं, "एवढी एक खेप होऊ दे" म्हणायचं नाही.

कपलर म्हणजे काय, तर मोटरच्या डोक्यावर एक दात्यांची चकती असते आणि भांड्याच्या बुडाखाली तिच्यात बसणारी दुसरी. काहीजण त्याला रबर म्हणतात, काहीजण फिरकी. मोटरची ताकद पात्याला पोचते ती या दोन चकत्यांतून. ती मुद्दाम रबराची किंवा प्लॅस्टिकची करतात, म्हणजे भांडं अडकलं तर आधी हे दाते जावेत, मोटरचा दांडा वाचावा. पंप्याच्या कपलिंगला रबराचे तुकडे असतात, तेच तत्त्व.

दाते झिजून गोल झाले की घसरायला लागतात. मोटर वर किंचाळते, आत माल हलत नाही, आणि दाते एकमेकांवर घासून तापतात. तो रबराचा वास. भांडं उचलून बघा, मोटरच्या डोक्याभोवती काळी भुकटी पडलेली असेल. भांडं बसवून हाताने हलवलं तर डुगडुगेल. ही खूण पक्की.

पण कपलर का झिजला, हे न बघता नुसता बदलला तर महिन्याभरात पुन्हा तीच गत. याचं खरं कारण पुष्कळदा भांड्याचं बुश असतं. पात्याचा दांडा भांड्याच्या बुडातून ज्या नळीत फिरतो ते बुश. त्यात मसाला, मीठ, खोबऱ्याचं तेल शिरून वाळलं की दांडा जड होतो. मोटर रोज त्या जड दांड्याशी झगडते, आणि झगडा होतो तो कपलरच्या दात्यांवर.

एका वस्तीवरची गोष्ट

आमच्या शेजारच्या वस्तीवर मागच्या आठवड्यात हेच झालं. मिक्सर ७५० वॅटचा, चार वर्षं जुना. कांदा-लसूण मसाला चालला होता. घरच्या वहिनींचा फोन आला, "भाऊजी, मिक्सर तीनदा बंद पडला, आता वास यायलाय. तुमच्या ओळखीच्या दुकानात दाखवता का?" मी म्हणालो, "वहिनी, आधी पिन काढून ठेवा, मी येतोच."

गेलो तेव्हा एक लिटरचं भांडं गळ्यापर्यंत भरलेलं. तव्यावर परतलेलं खोबरं, मिरची, धने, तळलेला कांदा, सगळं एकत्र. वहिनींनी वजन करून घेतलं होतं म्हणून कळलं, एका खेपेला सहाशे ग्रॅम. खोबऱ्याला तेल सुटून खालचा थर गच्च झालेला. पातं त्याच्यात रुतलं होतं आणि वरचा माल जागचा हललेला नव्हता.

भांडं रिकामं केलं. पिन काढलेलीच होती. भांडं उलटं धरून खालची चकती बोटांनी फिरवली. ती फिरेना. जोर लावल्यावर करकरत फिरली. छोटं चटणीचं भांडं घेतलं, त्याची चकती एका बोटाने गरकन फिरली. म्हणजे मोठं भांडं जड, छोटं ठीक. मग मोटरच्या डोक्यावरची चकती फिरवून बघितली. ती थोडी थांबत थांबत पण बिनआवाज फिरली, तशीच फिरायला पाहिजे. मात्र तिचे दाते एका बाजूने गोल झालेले आणि कडेला काळी भुकटी.

अर्ध्या तासाने मोटर गार झाल्यावर बटण दाबलं, आणि छोटं भांडं रिकामं बसवून फक्त चार-पाच सेकंद चालवलं. जास्त चालवायचं नाही, रिकामी मोटर फार वेगात पळते. आवाज एकसारखा, वास नाही. भोकांतून डोकावलं तर कार्बनपाशी बारीक निळसर ठिणगी. तेवढी असतेच. मोठी पिवळी ठिणगी गोल रिंगणासारखी दिसली असती तर मामला मोटरचा होता. इथं मोटर वाचली होती.

मोठ्या भांड्यात कोमट पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवलं, खालून चकती हळूहळू फिरवत राहिलो. थोडं मोकळं झालं, पण बुडाखालून काळपट तेलकट पाणी गळायला लागलं. म्हणजे बुशचं सीलही गेलेलं. तसं भांडं वापरत राहिलं असतं तर तेच पाणी उद्या मोटरमध्ये उतरलं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानात भांड्याचं बुश बदललं, आणि कपलर दोन्ही बदलले, वरचा आणि खालचा. एकच नवा टाकला तर जुन्याचे झिजलेले दाते नव्याला खातात. सगळं मिळून नव्या मोटरच्या मानाने किरकोळ खर्च. आणि उरलेला मसाला? तो त्याच मिक्सरवर निघाला, फक्त पद्धत बदलली.

सहाशेच्या जागी दीडशे ग्रॅमची खेप धरली. आधी मिरची आणि धने कोरडेच वेगळे फिरवले, खोबरं आणि कांदा शेवटी. नॉब सलग न ठेवता उलट्या बाजूला, म्हणजे झटक्याच्या बाजूला, तीन-चार सेकंद धरून सोडायचा. दर चार-पाच झटक्यांनी पिन काढून चमच्याने खालचा माल वर. एका खेपेला मोटर जेमतेम चाळीस-पन्नास सेकंद चालली. दोन खेपांच्या मध्ये दोन मिनिटं थांबायचं, तेवढ्यात झालेला माल चाळून घ्यायचा. चार खेपा झाल्या, बटण एकदाही पडलं नाही. वहिनी म्हणाल्या, "उलट लवकरच आवरलं की." आवरणारच, सहाशे ग्रॅमच्या खेपेत निम्मा वेळ भांडं थोपटण्यात जात होता.

किती माल भरायचा?

कोरडं वाटण असेल तर भांडं निम्म्याच्या वर नेऊ नका. तेल सुटणारा माल, शेंगदाणे, खोबरं, तीळ, हा तिसऱ्या हिश्शाएवढाच. इडलीच्या पिठासारखं ओलं वाटण मोठ्या भांड्यात दोन तृतीयांशापर्यंत चालतं, पण पाणी सुरुवातीपासून हवं. घट्ट गोळ्यात पातं स्वतःपुरती पोकळी करून फिरतं आणि बाकी माल बाजूला चिकटून बसतो. दोन चमचे पाणी घातलं की फरक आवाजातच कळतो. आवाज जड आणि खोल झाला की मोटर दमली असं समजून हात सोडायचा. कानाला कळतं ते, दोन-चार दिवसांत सवय होते.

पहिल्या नंबरवर मोटर सुरक्षित राहते असा एक समज आहे. सुरुवात एकवर करा हे बरोबर. पण जड माल एकवरच पाच मिनिटं रगडत ठेवला तर मोटर मंद, पंखा मंद, आणि माल तसाच. माल हलायला लागला की वर न्या. हलतच नसेल तर नंबर वाढवू नका, माल कमी करा.

अख्खं हळकुंड, अख्खी सुंठ, सुपारी मिक्सरला घालायची नाही. एक तुकडा पात्याखाली अडकला की मोटर जागेवर उभी. खलबत्त्यात कुटून बारीक तुकडे करा, मग चालेल. आणि पाच-सात किलो मिरची-मसाला असेल तर सरळ डंकावर न्या. तेवढं काम घरच्या मिक्सरचं नाही, तो ५०० चा असो की १००० चा.

काम झालं की लगेच भांड्यात पाणी आणि साबणाचा थेंब टाकून दहा सेकंद फिरवा, ओतून टाका, भांडं पालथं घाला. मसाल्याचं भांडं रात्रभर मोरीत बुडवून ठेवलं तर तेच मसाल्याचं पाणी बुशमध्ये मुरतं. चालू मिक्सरवरून भांडं उचलू नका. पात्याचं फिरणं थांबायच्या आत उचललं की दात्यांचे कोपरे तुटतात. दुसऱ्या कंपनीचं भांडं "बसतंय की" म्हणून बसवू नका. बसतं, पण दाते पूर्ण जुळत नाहीत.

घरी कपलर बदलायचा म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, बऱ्याच मिक्सरला त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या बाजूने जोर लावला तर सुटण्याऐवजी आणखी आवळतो आणि तुटतो. पातं धरताना जाड फडकं वापरा. वॉरंटी चालू असेल तर मात्र हात लावू नका, बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा. आणि रिकाम्या भांड्यालाही ओव्हरलोड पडत असेल, भोकांतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील किंवा गार मिक्सर सुरू करताच उग्र वास येत असेल, तर घरचे उपाय थांबवा. दुकानात देताना सगळी भांडी सोबत न्या. नुसती मोटर नेली तर दुकानात ती चांगली चालते, आणि घरी आणून तेच जड भांडं बसवलं की पुन्हा वास येतो.